मदत हवी आहे: सुतार "अंदाजाने" म्हणतो, ते नोंदवायचं कसं?

एका जुन्या लाकडी इमारतीचं मोजमाप करतोय. कुजलेले खांब बदलण्यासाठी एक वयस्क सुतारमिस्त्री आहेत. नकाशे झाले, पण इमारतीसोबत त्यांची विद्याही नोंदवायची आहे, आणि तिथेच अडलोय.

खांबाच्या डोक्यावर जो कुसू, म्हणजे तुळईच्या भोकात बसणारी जीभ, त्याची जाडी विचारली, तर म्हणाले, "खांबाचा तिसरा हिस्सा." उतरवलेले तीन खांब मोजले. १५० मिमीच्या खांबाचा कुसू ५१, १६५च्याचा ५१ आणि १८०च्याचाही ५१! खरं काय धरू?

चौकट_खिडकी: थ्रीडी स्कॅन करा. सगळं येतं, वर्षानुवर्षं टिकतं.

रंधा७: स्कॅनला फक्त पृष्ठभाग दिसतो. जोडलेला कुसू तुळईच्या पोटात असतो, तो कसा दिसणार?
धागाकर्ते, मिस्त्रींची पटाशी मोजलीत का? दोन इंची निघाली तर कोडं सुटलं. भोक पटाशीच्या रुंदीचं पडतं आणि कुसू त्या भोकाला बसवतात. तिसरा हिस्सा हा नियम खरा, पण त्याच्या जवळची पटाशी उचलायची हा त्याच्या आतला नियम. तो कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.
म्हणून मुलाखत आधी नको. काम चालू असताना खांद्यामागून चित्रण करा, संध्याकाळी त्यांनाच दाखवा आणि गप्प बसा. "इथे थांबलो, कारण गाठ आली" असं ते आपणहून बोलतात. चित्रणाला नकाशातल्या त्याच खांबाचा क्रमांक द्या, नाहीतर पुढे कुणालाच ताळमेळ लागत नाही. नाकारलेलं लाकूडही नोंदवा.

चुनेवाली: आमच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा तडकतोय, वाळू किती घालू?

रंधा७: ताई, वेगळा धागा काढा. पण गवंडी प्रमाण सांगत नाही, थापी उलटी धरून चुना कसा सुटतो ते बघतो. नोंदवायचं तेही हेच.

जुनाट: युनेस्कोच्या यादीत इमारत गेली की कारागिरीही आपोआप जपली जाते ना?

रंधा७: नाही. अमूर्त वारशाचा करार २००३चा, आणि तो वेगळा. जपानची लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्यं २०२०मध्ये त्या कराराच्या यादीत गेली, कुठली एक इमारत नव्हे. यादीत जाऊनही शिकणारा लागतोच.

धागाकर्ता: पटाशी मोजली, दोन इंचीच! मिस्त्रींच्या वडिलांची आहे, घासून आखूड झालीय, रुंदी तेवढीच. पण आता नवा पेच. आखणीची एक खूण ते कॅमेऱ्यासमोर करत नाहीत. "ही घरच्या पोरांसाठी," म्हणतात. पोरं तर सगळी नोकरीला.

रंधा७: मग ती जागा कोरी सोडा आणि "सांगितली नाही" एवढंच लिहा.

चौकट_खिडकी: आणि मिस्त्री गेल्यावर?