मदत हवी आहे : दोन ऑर्डरचा माल एकाच कार्टनमध्ये असल्यास ऑर्डरवार गोषवाऱ्यात कार्टन कसे मोजावे?

इंदूरच्या आमच्या युनिटमधून निर्यातीचे शर्ट जातात आणि पॅकिंग लिस्ट मी एक्सेल २०१० मध्ये करतो. एका ओळीत ऑर्डर क्रमांक (B), कार्टन क्रमांक पासून (C) व पर्यंत (D) आणि एका कार्टनमधील एस, एम, एल, एक्सएलचे नग (E ते H) असतात. ओळ म्हणजे कार्टन नसल्यामुळे पिव्होटची बेरीज चुकत होती. साइजवार नग आता या सूत्राने बरोबर येतात. K2 मध्ये ऑर्डर क्रमांक आहे.

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$60=$K2)*($D$2:$D$60-$C$2:$C$60+1)*E$2:E$60)
```

पहिल्या ऑर्डरचे प्रमाण १:२:२:१ आहे. कार्टनमध्ये चार सेट, म्हणजे २४ नग, याप्रमाणे १ ते ४९ क्रमांकांत १,१७६ नग बसले. एस संपल्यामुळे उरलेले एम ८, एल ८ आणि एक्सएल ४ असे २० नग कार्टन ५० मध्ये गेले, ज्यात दुसऱ्या ऑर्डरचेही १२ नग आहेत. तिचे बाकी कार्टन ५१ ते ८० आहेत. त्यामुळे ५० क्रमांकाच्या दोन ओळी होतात आणि गोषवाऱ्यात ५० व ३१ मिळून ८१ कार्टन दिसतात, प्रत्यक्षात मात्र ८० आहेत.

नग जुळतात, पण कार्टनसंख्या इनव्हॉइस आणि शिपिंग बिलाशी जुळलीच पाहिजे. कार्टन ५० पुन्हा उघडता येणार नाही, आणि खरेदीदाराला प्रत्येक ऑर्डरखाली त्याचा क्रमांक दिसायला हवा आहे. मॅक्रो न वापरता, सामाईक कार्टन दोन्ही ऑर्डरखाली दाखवून एकूण बेरजेत एकदाच मोजणारे सूत्र कसे लिहावे?