बेसिनखालचा नट गोल झाला (बी विंग ग्रुप)

अमेय (बी ३०४): मंडळी, कोणाकडे मोठा पाना आहे का? बेसिनच्या नळाला जाणारी कनेक्शन पाइप खालच्या कॉकपाशी ठिबकतेय. वायसर बदलावा म्हणून अर्धा तास पकडीनं नट फिरवतोय. आता पक्कड नुसती सटकते. फोटो टाकलाय.

मेघना वहिनी (बी १०२): अरे बापरे, नटाचे कोपरेच गेलेत की. आमच्याकडे पक्कड आणि हातोडी एवढंच आहे.

शिरीष काका (बी ५०१): अमेय, आधी हात थांबव. कॉक बंद केलास का?

अमेय: हो काका, पूर्ण बंद आहे. नळ उघडून बघितला, पाणी येत नाही.

शिरीष काका: छान. मी तेहतीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. असे गोल झालेले नट पोत्यानं बघितलेत, आणि बहुतेक पकडीनंच केलेले. नटाच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना समांतर असतात. पक्कड उघडली की तिचे जबडे तिरके होतात, इंग्रजी व्ही सारखे. त्यामुळे ती बाजूवर सपाट बसतच नाही, फक्त कोपऱ्यांजवळ चावते. जोर लावलास की पितळ खरवडलं जातं आणि कोपरा निघून जातो. हातानं दाबून धरायचं, ओढायचं, वाकवायचं, तार पिळायची, ही पकडीची कामं. नटासाठी पाना.

प्रसाद (बी २०४): पण काका, सगळे प्लंबर तर पकडीसारखंच काहीतरी वापरतात.

शिरीष काका: ते वॉटर पंप प्लायर. त्याचा सांधा सरकवून तोंड लहानमोठं करता येतं आणि त्या त्या मापाला जबडे जवळपास समांतर राहतात. दांडे लांब, म्हणून पकड घट्ट. पण दाते त्यालाही असतात, चमकत्या नटावर ओरखडे पडणारच. प्लंबरला घाई असते आणि नट तुमचा असतो 😄

अमेय: मग आता काय करू? रिंग पाना बरा म्हणतात. तो आणू?

शिरीष काका: रिंग पाना चांगलाच, तो सगळ्या कोपऱ्यांना एकदम धरतो. पण इथे तो घालणार कुठून? नटातून पाइप बाहेर आलीये, आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला नळ. बोल्ट किंवा मोकळा नट असेल तर रिंग पाना. पाइपवर बसलेल्या नटाला बाजूनं शिरणाराच पाना लागतो, म्हणजे उघड्या तोंडाचा फिक्स पाना नाहीतर अ‍ॅडजस्टेबल. माझ्याकडे दहा इंची अ‍ॅडजस्टेबल आहे, घेऊन जा. येताना कानसही ने.

मेघना वहिनी: कानस कशाला?

शिरीष काका: नट पितळेचा आहे, मऊ असतो. समोरासमोरच्या दोन बाजू कानशीनं हलक्या हातानं घासून पुन्हा सपाट करायच्या. नट थोडा बारीक होईल, पण अ‍ॅडजस्टेबल पान्याला त्याचं काही नाही, आपण तोंड तेवढंच आवळतो. फिक्स पाना असता तर ठरलेल्या मापापेक्षा नट लहान झाला म्हणून सैल बसला असता.

प्रसाद: पान्यावरचा तो आकडा बोल्टचा ना? १३ म्हणजे १३ मिलिमीटरचा बोल्ट?

शिरीष काका: इथेच सगळे फसतात. पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. बोल्टची जाडी वेगळी. साधारणपणे ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० चा पाना, ८ च्या बोल्टला १३ चा. घरात हे दोन सगळ्यात जास्त लागतात, म्हणून फिक्स पान्यांचा अख्खा मोठा सेट घ्यायची गरज नाही. ८ पासून १७ पर्यंतचे आले की झालं. बेसिनखालच्या या नटांसाठी अ‍ॅडजस्टेबल.

अमेय: काका, पाना आणि कानस घेतली, धन्यवाद. दोन्ही बाजू घासल्या. पाना बसला मस्त, पण नट हलतच नाहीये. उलट मघापासून आणखी आवळल्यासारखा वाटतोय.

शिरीष काका: तू कुठून बघतोयस?

अमेय: बेसिनखाली पाठीवर झोपलोय. टॉर्च तोंडात.

शिरीष काका: आणि फिरवतोयस घड्याळाच्या उलट?

अमेय: हो, सोडायचं म्हणजे उलटंच ना.

शिरीष काका: अरे, म्हणजे अर्धा तास तू तो आवळतोयस! कॉकचं तोंड वर आहे आणि नट वरून त्यावर बसलाय. वरून बघणाऱ्याला घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो. तू खालून बघतोयस, तुला तेच घड्याळाच्या दिशेनं दिसणार.

प्रसाद: 😂😂😂

मेघना वहिनी: प्रसाद, हसू नकोस. मागच्या वेळी तू मीटरबॉक्सचं झाकण उलटं लावलं होतंस.

शिरीष काका: गोंधळ झाला की उजव्या हाताचा अंगठा धरायचा. नट ज्या दिशेला निघून यायला हवा तिकडे अंगठा कर, इथे वर. बाकीची बोटं जिकडे वळतात तिकडे फिरव. झोपलेला असलास, वाकलेला असलास, काही फरक पडत नाही.

अमेय: कळलं 🙈 काही आटे फाटले असतील का?

शिरीष काका: बघू निघाल्यावर. आता दोन गोष्टी. पाना असा लाव की हलणारा जबडा तू ज्या दिशेला फिरवतोयस त्या बाजूला येईल. म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर पडतो. उलटा लावलास तर हलणारा जबडा जराजरा उघडत जातो आणि पुन्हा कोपरे खाणार. दुसरं, कॉकला दुसऱ्या हातानं घट्ट धर, कपडा गुंडाळून. नट जाम असेल तर त्याच्याबरोबर अख्खा कॉक भिंतीतल्या आट्यांवर फिरतो. मग ठिबक बेसिनखाली न राहता भिंतीत सुरू होते, आणि ते काम कितीतरी मोठं.

नीला मावशी (बी ४०२): शिरीषभाऊ, आमच्याकडे तो लाल मोठा दात्यांचा पाना आहे. तो देऊ का त्याला?

शिरीष काका: मावशी, तो पाइप पाना. गोल पाइपसाठी. जितकं ओढाल तितका तो पाइपवर जास्त आवळतो, म्हणून ज्याला सपाट बाजूच नाही तिथे तो राजा. नटावर लावला तर काम होईल, पण नट फेकूनच द्यावा लागेल. सध्या राहू दे.

अमेय: सुटला!!! पाव फेरा झाला आणि पुढे हातानंच निघाला.

शिरीष काका: वायसरचा फोटो टाक.

अमेय: टाकला. एका बाजूला कापल्यासारखा झालाय. आटे ठीक दिसतायत.

शिरीष काका: तेच. या नटात पाणी वायसर अडवतो, आटे नाही. जास्त आवळलं की रबर दबून बाहेर येतं आणि कडेला चिरतं, मग ठिबक वाढते, मग माणूस आणखी आवळतो. नवा वायसर सपाट बसव, आत जुन्याचा तुकडा राहिला नाही ना ते बोटानं बघ. टेफ्लॉन टेप इथे लावू नकोस, उपयोग नाही. आधी नट हातानं पूर्ण बसव. हातानं आट्यात सरळ शिरला पाहिजे. तिरका जात असेल तर काढून पुन्हा लाव. मग पान्यानं पाव फेरा, फार तर अर्धा. थांब. कॉक हळू उघड.

अमेय: लावला. कोरडा टिश्यू पेपर खाली गुंडाळून ठेवलाय, तासाभरानं बघतो.

मेघना वहिनी: टिश्यूची युक्ती चांगली आहे, बारीक ओलसुद्धा कळते. काका, याच निमित्तानं सांगा ना, आमच्यासारख्यांनी घरात नेमकं काय ठेवावं?

शिरीष काका: दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना, फिक्स पाने ८ ते १७, साधी पक्कड, एक नोज प्लायर, स्क्रू ड्रायव्हर दोन तोंडांचे, फर्निचरसाठी अ‍ॅलन की, कानस, मोजपट्टी. नोज प्लायर अरुंद जागेतला स्क्रू किंवा तार उचलायला. त्यानं बोल्ट फिरवायला गेलात की टोकं एकमेकांवर बसायची बंद होतात, मग तो कशालाच चालत नाही.

प्रसाद: पकडीला रंगीत प्लास्टिकचे दांडे असले की शॉक लागत नाही ना?

शिरीष काका: असं कधीच समजू नकोस. बरेचदा ते प्लास्टिक फक्त हाताला बरं वाटावं म्हणून असतं. खास विजेच्या कामासाठी तपासलेल्या अवजारांवर १००० व्होल्टची खूण असते. आणि ती असली तरी घरात मेन स्विच बंद करूनच काम.

मेघना वहिनी: आणि हातोडी? आमच्याकडची मागे गोल डोक्याची आहे. खिळे उपटता येत नाहीत.

शिरीष काका: ती बॉल पीन. गोल डोकं लोखंडाच्या कामाचं, रिव्हेटचं टोक पसरवायला किंवा पत्र्याला आकार द्यायला. सपाट बाजूनं खिळे ठोकता येतात, पण उपटायला फाटा असलेली क्लॉ हातोडी हवी. घरात एकच घ्यायची तर क्लॉच घ्या. खिळा उपटताना हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा. भिंतीला खळगा पडत नाही, आणि खिळा अर्धा वर आल्यावरही जोर मिळत राहतो.

नीला मावशी: आमच्या नातवानं रबरी हातोडी आणलीये. त्यानं खिळा ठोकायला गेला, खिळाच वाकला.

शिरीष काका: 😄 ती फर्निचरचे सांधे बसवायला, फरशी ठाकून बसवायला. जिथे जोर हवा पण खूण नको तिथे. आमच्याकडे त्यासाठी लाकडी मोगरी असायची. खिळ्याला पोलाद लागतं. पण मावशी, नातवाला एक सांगा, हातोडीवर हातोडी मारायची नाही. दोन्हींचे तोंड कडक केलेले असतात, कपची उडून थेट डोळ्यात जाते.

मेघना वहिनी: आमच्या हातोडीचं डोकं जरा हलतं. पाण्यात भिजवून ठेवली की घट्ट होते, सासरे तसंच करायचे.

शिरीष काका: होते, दोन दिवस. लाकूड फुगतं म्हणून. वाळलं की आधीपेक्षा सैल. वरून दांड्यात पाचर असते, ती ठोकून बसवा, नाही बसली तर दांडा बदला. तोवर त्या हातोडीनं काही ठोकू नका, विशेषतः कोणी समोर उभं असताना.

मेघना वहिनी: बरं, आजच बाजूला ठेवते.

अमेय: तास झाला. टिश्यू कोरडा! 🎉 काका, पाना परत आणू का?

शिरीष काका: सकाळी आण. रात्री वरच्या टाकीत पाणी पूर्ण भरतं, दाब थोडा वाढतो. सकाळी टिश्यू कोरडा असेल तर काम झालं. आणि घासलेला नट आहे, पुढच्या वेळी ती पाइपच बदल.

नीला मावशी: अमेय, सकाळी पाना वर नेताना माझ्याकडे ये. माझाही कॉक ठिबकतोय.

अमेय: येतो मावशी. पण मी झोपून बघणार नाही हां 😅