मदत हवी आहे: शिष्यवृत्तीचा अर्ज Rejected, शेरा फक्त "Documents not proper". अपिलाचं पत्र कसं लिहू?

कोरडवाहू_गडी: नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. लहान बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटीवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज गावातल्या सेतूवरून भरला होता. काल तिनं स्क्रीनशॉट पाठवला: Rejected, अन् खाली Documents not proper. सात कागद जोडले होते, त्यातला कोणता खराब, ते काहीच नाही. कॉलेजातले बाबू म्हणाले, "अपील कर." मी पत्र लिहिलं की वडिलांकडे अडीच एकर कोरडवाहू, यंदा सोयाबीन हातचं गेलं, बहीण हुशार आहे, तरी कृपा व्हावी. एवढं पुरे का? अन् कोणाच्या नावानं द्यावं?

धुऱ्यावरचा: काहून एवढं डोकं लावता भाऊ? उत्पन्नाचा दाखला 31 मार्चले मरते. नवीन काढा, जोडा, झालं काम.

ताई_पांढरकवडा: आमच्या भाच्याचंही असंच. मंजूर होऊन बसलंय, पण पैसे नाहीत. बँकेत गेलो तर आधार जोडलेलंच नव्हतं म्हणे. तुम्ही आधी बँकेत जा.

कोरडवाहू_गडी: ताई, आमचं मंजूरच झालं नाही, बँकेपर्यंत पोचलोच कुठं.

जुना_बाबू: मी कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं. स्क्रीनशॉट कापलेला आहे. पूर्ण काढा, Application ID, तारीख आणि अर्ज कोणत्या टेबलावर नाकारला ते दिसू द्या. अर्ज आधी कॉलेजचा लिपिक बघतो, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं समाजकल्याण. कॉलेजातच नाकारला असेल तर पत्र प्राचार्यांना, पुढं गेला असेल तर सहायक आयुक्तांना, प्राचार्यांच्या मार्फत. Send Back असतं तर मुलीच्या लॉगिनमधूनच दुरुस्ती झाली असती. Rejected म्हणजे अर्ज आधी वरून उघडावा लागतो. तेच मागायचं आहे.

धुऱ्यावरच्या भाऊंचं अर्धं खरं. दाखल्याची मुदत दाखल्यावरच छापलेली असते, ती वाचा. चालू वर्षाचा दाखला असेल तर नवीन काढून काय होणार?

आता एक काम करा. बहिणीच्या लॉगिनमधून जोडलेल्या सगळ्या फायली संगणकावर एकेक उघडा. मोबाईलवर नाही, तिथं सगळं चांगलंच दिसतं.

कोरडवाहू_गडी: उघडल्या. जिल्हा स्तरावर नाकारलाय. सहा फायली ठीक वाटल्या. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र खालची पट्टीच नाही! मुदतीची ओळ अन् तहसीलदारांची डिजिटल सही कापली गेली. वरचा बारकोडही धूसर. घरच्या मूळ पीडीएफवर मुदत 31/03/2026 आहे, अर्ज 2025-26 चाच.

जुना_बाबू: बघा, सापडलं. सेतूवाल्यानं छापील कागदाचा मोबाईलनं फोटो काढला, मग पोर्टलच्या 256 केबीत बसवायला दाबून लहान केला. मूळ पीडीएफच जोडायची असते, ती बहुतेक वेळा आधीच लहान असते.

पत्रातून सोयाबीन काढा. टेबलावरच्या माणसाला त्याची कीव येते, पण त्यानं करायचं काय, ते कळत नाही. असं लिहा:

"विषय: अर्ज क्र. ____ पुन्हा विद्यार्थिनीच्या लॉगिनला पाठवणेबाबत. महोदय, माझा वरील अर्ज दि. ____ रोजी 'Documents not proper' या शेऱ्यासह नाकारण्यात आला. शेऱ्यात कागदपत्राचे नाव नाही. माझ्या तपासणीत उत्पन्न दाखल्याच्या फाईलचा खालचा भाग कापला गेल्याचे आढळले. मूळ दाखला क्र. ____, मुदत 31/03/2026, सोबत जोडला आहे. अन्य त्रुटी असल्यास लेखी कळवावी आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवावा, ही विनंती."

सही बहिणीची, तुमची नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी "ठेवून द्या" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका.

धुऱ्यावरचा: बरं, पोर्टलवर अर्जाची मुदत संपली असल तर?

जुना_बाबू: तर पोर्टल उघडं करणं जिल्ह्याच्याही हातात नसतं. म्हणून पत्र उद्याच द्या, पोचेवरची तारीख पुढं कामी येते.

कोरडवाहू_गडी: बाबूजी, आज प्राचार्य रजेवर. प्रभारींनी सही केली, आवक नंबर मिळाला. यवतमाळला सोमवारी जातो. एकच शंका आहे, जातीच्या दाखल्याचा फोटोही त्याच सेतूवाल्यानं काढला होता, तो वाचता येतो, पण फिका आहे. तोही पत्रात टाकू का?

जुना_बाबू: पत्रात नको, पण मूळ पीडीएफ सोबत न्या. साहेबांनी विचारलं तर दाखवा.