आधी मोठी फाउंड्री की उद्यमबागेतलं मशीन शॉप?

धागाकर्ता: जॉबवर्कला येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या चलनांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर केलंय. आधी बेळगावातल्या दोन मोठ्या फाउंड्री पकडायच्या, त्यांचं नाव दाखवलं की त्यांचे व्हेंडर आपोआप येतील. विकायला दोन पोरं ठेवतोय. कसा वाटतो प्लॅन?

उद्यमबागकर: राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. हेच करून मी हात पोळून घेतलेत. एका मोठ्या फाउंड्रीत सात महिने फेऱ्या मारल्या. स्टोअरवाल्याला आवडलं, परचेस म्हणालं आयटीला विचारा, आयटी म्हणालं आमच्या ईआरपीला जोडून द्या, आणि ठरत आलं तेव्हा परचेसचा माणूसच बदलला.

अरे, दुखणं तिथं नाहीच. पीस कमी आले तर फाउंड्री डेबिट नोट काढते आणि मोकळी होते, चाट बसते ती मशीन शॉपवाल्याला. परवा एकाची फाईल बघितली. कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून २०० कास्टिंग आली, त्यातली ६० ग्राइंडिंगला बाहेर दिली, फाउंड्रीला परत गेली १९१. वहीत फक्त 'नऊ कमी'. शोधलं तर पाचांत मशीनिंग करताना ब्लोहोल निघालेले, म्हणजे मटेरियल फाउंड्रीचंच खराब. दोन त्याच्याच टूलनं बाद झालेली. दोन ग्राइंडिंगवाल्याकडं कोपऱ्यात पडून. डेबिट नोट मात्र नऊच्या नऊची, आणि ह्यानं गुपचूप मान्य केलेली!

म्हणून पहिलं गिऱ्हाईक पाच ते पंधरा मशीनवालं, ज्याचा माल कोल्हापूरकडनं येतो आणि एखादं काम तो पुढं बाहेर देतो. दोन मशीनवाल्याला सगळं तोंडपाठ असतं, तो घेणार नाही. आणि पोरं ठेवू नको. पहिले दहा तू स्वतः वीक. डेमो दाखवत बसू नको, त्याचीच मागच्या महिन्याची उघडी चलनं समोर बसून भर आणि पीस कुठं अडकलेत ते त्यालाच बघू दे.

टिळकवाडीचा सीए: दारोदार कशाला फिरायचं? एका सीएकडं असे तीस-चाळीस क्लायंट असतात. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल गेला की रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतंच, ५०,००० ची मर्यादा तिथं नाही. कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पुरवठा धरतात. ही भीती आम्ही सांगितली की लगेच घेतात.

उद्यमबागकर: भीती खरी आहे, पण ती माल पाठवणाऱ्याला जास्त. आणि साहेब, तुमच्याकडं कागद महिनाअखेरीला येतो, तोवर पीस हरवलेला असतो. तुमच्या सांगण्यावरनं घेतील, पण गेटवर रोज भरणार कोण? बरं, दहा चालू झाल्यावर अकरावा सीएकडनं येईल, एवढं मानतो.

निपाणीकर: आमच्या तंबाखूच्या वखारीला चालंल का हे? बोदं मोजायला माणूस ठेवलाय, तरी उधारीचा मेळ लागत नाही. आधी उधारी वसूल करून देणारं काहीतरी काढा की!

मशीनवाली: निपाणीकर बोलले ते खरं. माझी आठ मशीनं आहेत, पैसे नव्वद दिवसांनी येतात. लहान कारखान्यांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आला म्हणून उद्यम सर्टिफिकेट दिलं, तर एका पार्टीनं ऑर्डरच कमी केली. वर तुम्ही सॉफ्टवेअरचे वर्षाचे पैसे आगाऊ मागणार?

टिळकवाडीचा सीए: कायदा स्पष्ट आहे. ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. तुम्ही लेखी मागा.

मशीनवाली: लेखी मागून पुढची ऑर्डर तुम्ही देणार? केबिनमध्ये बसून सांगायला सोपं आहे.

टिळकवाडीचा सीए: ताई, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय. ऑर्डर तुटते हे मलाही दिसतं, त्यावर कायद्यात उत्तर नाही.

धागाकर्ता: विषय उधारीवर गेला. मला एवढंच सांगा, छोट्यांकडनं वर्षाला १२,००० मिळतील का? आणि असे कारखाने आहेत तरी किती?

उद्यमबागकर: किती ते घरात बसून कळणार नाही. उद्यमबाग आणि मच्छे पायी फिर, आत जाऊन मशीनं मोज. शंभरसुद्धा भरले नाहीत तर पुढं कोल्हापूर धरावं लागेल, तेव्हा हिशेब आताच कर. आणि फुकट देऊ नको, फुकटचं कुणी भरत नाही. तिसऱ्या महिन्यात सुपरवायझर न सांगता चलन भरतोय का बघ. मालकानं कौतुक केलं आणि गेटवर वहीच चालू राहिली, तर गिऱ्हाईक गेलं म्हणून समज.

मशीनवाली: वर्षाचे आगाऊ मी देणार नाही. महिन्याला हजार देईन, तेही माझ्या सुपरवायझरला कन्नडमध्ये दिसलं तर, तो मराठी बोलतो पण वाचत नाही. आमच्याकडंपण गेल्या महिन्यात चौदा पीसांची डेबिट नोट आलीय. मंगळवारी पाचनंतर ये, फाईल काढून ठेवते. पोराला पाठवू नको, तू ये.