पेंडिंग तिकिटाचं घड्याळ शनिवार-रविवारी चालू ठेवायचं की बंद?

नवखी_डेस्क

आमच्या सपोर्ट टीमचे तास सोमवार ते शुक्रवार, 9 ते 6. ग्राहकाकडून काही माहिती हवी असली की तिकीट पेंडिंगला टाकतो. 48 तासांनी आपोआप रिमाइंडर जातो, 72 तासांनी तिकीट बंद होतं. मागच्या शुक्रवारी साडेचारला एका बाईंकडे लॉग फाइल मागितली. रिमाइंडर गेला रविवारी दुपारी. सोमवारी साडेचारला तिकीट बंद. बाईंनी पाच वाजता फाइल पाठवली, सोबत चार खरमरीत ओळी. माझं म्हणणं, सुट्ट्या वगळून फक्त कामाचे तास मोजावेत. आमचे मॅनेजर म्हणतात, ग्राहकाचं घड्याळ सुट्टीला थांबत नाही. कोण बरोबर?

खडूस_कारकून

मॅनेजर. कामाचे तास ही सपोर्टवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली पळवाट आहे. मी एकदा शुक्रवारी साडेचारला तक्रार टाकली, उत्तर आलं मंगळवारी दुपारी तीनला. त्यांच्या अहवालात माझी वाट पाहणी किती? साडेसोळा तास. मी मोजली तेव्हा साडेचौऱ्याण्णव भरली. मधले दोन दिवस माझं काम अडलेलंच होतं ना? ते कुठल्या खात्यात गेले?

मोजपट्टी

कारकूनसाहेब, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो दुसऱ्याच तिकिटाचा आहे. तुमच्या वेळी पाळी त्यांची होती आणि थांबला होतात तुम्ही. पेंडिंगमध्ये पाळी ग्राहकाची असते. थांबलेली असते टीम, आणि आपण मोजतो ते ग्राहकाला उत्तर द्यायला किती वेळ मिळाला.

आता त्या बाईंकडे बघा. नियमात लिहिलंय 72 तास. त्यांच्या हातात प्रत्यक्ष आले शुक्रवारचे दीड आणि सोमवारचे साडेसात, म्हणजे एकूण 9. हेच तिकीट सोमवारी साडेचारला पेंडिंगला गेलं असतं तर गुरुवारी साडेचारला बंद झालं असतं, आणि ग्राहकाला कामाचे 27 तास मिळाले असते. नियम एकच, पण शुक्रवारवाल्याला एक दिवस आणि सोमवारवाल्याला तीन. म्हणून माझं मत नवखीताईंच्या बाजूने.

पण ताई, नुसतं कॅलेंडर तासांऐवजी कामाचे तास निवडून सेव्ह करू नका. आकडे बदलावे लागतील. तुमचा कामाचा दिवस 9 तासांचा आहे, 24 चा नाही. 48 तसेच ठेवलेत तर ते होतात पाच दिवस आणि तीन तास. शुक्रवारी साडेचारला थांबलेल्या तिकिटाचा रिमाइंडर मधला आख्खा आठवडा ओलांडून त्याच्या पुढच्या सोमवारी साडेदहाला जाईल, आणि तिकीट बंद होईल त्यानंतरच्या बुधवारी. दोन दिवसांसाठी 18 टाका, तीन दिवसांसाठी 27. मग रिमाइंडर मंगळवारी साडेचारला आणि बंद बुधवारी साडेचारला. सोमवारी सुट्टी असेल तर दोन्ही एकेक दिवस पुढे.

नवखी_डेस्क

अरे देवा. मी आजच तो ड्रॉपडाउन बदलणार होते, आकडे आहेत तसेच ठेवून. 😬

झटपट_उपाय

18 टाकताना अट "बरोबर 18" अशी लावा, "18 पेक्षा जास्त" नको. ऑटोमेशन दर तासाला फिरतं. "जास्त" लावलंत तर 19 ला, 20 ला, 21 ला पुन्हा पुन्हा मेल जाईल. "बरोबर" लावलं की एकदाच जातो. आम्ही वर्षानुवर्षं असंच वापरतोय.

मोजपट्टी

कॅलेंडर तासांवर वापरताय म्हणून चाललंय. तिथे घड्याळ थांबत नाही, त्यामुळे प्रत्येक आकडा तासभरच टिकतो. कामाचे तास संध्याकाळी सहाला जिथे असतील तिथे गोठतात.

समजा तिकीट बुधवारी साडेपाचला पेंडिंगला गेलं. बुधवारचा अर्धा तास, गुरुवारचे नऊ, शुक्रवारचे नऊ. शुक्रवारी साडेपाचला 18 भरले, सहाला साडेअठरा झाले आणि घड्याळ थांबलं. बहुतेक ठिकाणी अपूर्णांक सोडून देतात, म्हणजे सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत हे तिकीट "बरोबर 18" वरच उभं. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ मिळून 64 तास, आणि ऑटोमेशन तर दर तासाला फिरतंय. तेवढ्या मेल एकाच ग्राहकाला. हा प्रकार मी स्वतः निस्तरलाय. सोमवारी पहिला फोन त्याच ग्राहकाचा होता आणि तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उपाय साधा आहे. अट "18 किंवा जास्त" ठेवा, मेल पाठवताना तिकिटाला एक टॅग लावा, आणि तो टॅग नसेल तरच मेल जाईल अशी दुसरी अट घाला. ग्राहकाचं उत्तर येऊन तिकीट ओपन झालं की टॅग काढणारा ट्रिगरही लागेल. तो विसरलात तर तेच तिकीट दुसऱ्यांदा पेंडिंगला गेल्यावर रिमाइंडर येणारच नाही, थेट बंद होईल. तुमच्या त्या बाई मग चार ओळींवर थांबणार नाहीत.

झटपट_उपाय

टॅगचं पटलं. आमच्याकडे कामाचे तास नाहीत म्हणून वाचलो म्हणायचं.

शिफ्टवाला

मला प्रश्नच कळला नाही. तिकीट पेंडिंगला टाकलं की एसएलए थांबतोच. मग तास कसले मोजताय? आमच्याकडे पाच वाजले की सगळे आपापली तिकिटं पेंडिंगला टाकून घरी जातात. सकाळी परत ओपन. बोर्ड हिरवागार.

खडूस_कारकून

बघा! मी काय म्हणत होतो? नियम कसाही लिहा, माणसं त्यातून वाट काढतात.

मोजपट्टी

शिफ्टवाले, तुम्ही सांगताय ते टीमने उत्तर द्यायचं घड्याळ. इथे विषय ग्राहकाच्या घड्याळाचा चाललाय. आणि तुमच्याकडच्या त्या युक्तीने दोन्ही बिघडतात. संध्याकाळी पेंडिंग, सकाळी ओपन केलं की पेंडिंगची मोजणी दरवेळी शून्यापासून सुरू होते, कारण ऑटोमेशन फक्त शेवटच्या वेळी पेंडिंग झाल्यापासूनचे तास बघतं. खरंच ग्राहकासाठी थांबलेलं तिकीट त्यात सापडलं, तर त्याला रिमाइंडर कधीच जाणार नाही. कळायला सोपं आहे. तिकिटाच्या इतिहासात रोज पाचच्या सुमारास एकच माणूस स्थिती बदलताना दिसेल आणि मध्ये ग्राहकाला गेलेला एकही प्रश्न नसेल.

कारकूनसाहेबांचं एक मात्र मान्य. तिकीट दुसऱ्या विभागासाठी किंवा पुरवठादारासाठी थांबलं असेल तर ते पेंडिंगला टाकू नये, ऑन-होल्डला टाकावं. तिथे वाट ग्राहकच बघतोय, आणि ते मी सरळ कॅलेंडर तासांत मोजतो, रविवार धरून.

खडूस_कारकून

मग महिनाअखेरच्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवा. एकच दाखवला की लोक कमी असलेला दाखवतात.

दोन_देश

आमचे बरेच ग्राहक सौदी अरेबियात आहेत. त्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, आमची शनिवार-रविवार. बुधवारी साडेचारला पेंडिंग केलं की आमच्या तासांप्रमाणे 18 भरतात शुक्रवारी साडेचारला. म्हणजे रिमाइंडर ऐन त्यांच्या सुट्टीत, आणि मध्ये त्यांना पूर्ण असा फक्त गुरुवार मिळाला. कामाचे तास म्हणताय ते नक्की कोणाचे?

मोजपट्टी

पाळी ज्याची, कॅलेंडर त्याचं असायला हवं. म्हणजे ग्राहकाचं. त्या ग्राहकांचा वेगळा गट करून रविवार ते गुरुवारचं वेगळं शेड्यूल लावा.

दोन_देश

बोलायला सोपं आहे. दोन देशांचं केलंही असतं. आम्ही अकरा देशांत आहोत. अकरा शेड्यूल, अकरा सुट्ट्यांच्या याद्या, आणि टाइम झोन वेगळेच. काही देशांत सुट्टी चंद्रदर्शनावर ठरते, ती आधी टाकताच येत नाही. शेवटी आम्ही उलटं केलं. कॅलेंडर तासच ठेवले, पण सात दिवसांचे. सात दिवसांत प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी एकदाच येते, त्यामुळे कुठल्याही वारी पेंडिंग केलं तरी सगळ्यांना सारखंच मिळतं.

मोजपट्टी

हे चांगलं आहे. बंद करण्यासाठी मी हेच सुचवीन. रिमाइंडरला मात्र नाही, दोन दिवसांच्या कामाला सात दिवसांनी आठवण कोण करतं? आणि लागून मोठी सुट्टी आली की सातातलेही चार जातात.

नवखी_डेस्क

आमचे ग्राहक एकाच देशातले आहेत, तेवढं सुख. 18 आणि 27 टाकते. पण ते बरोबर चालतंय का, हे तपासायचं कसं? हाताने किती तिकिटं मोजू?

मोजपट्टी

दहा-बारा पुरेत, पण निवडून घ्या. एक शुक्रवार संध्याकाळचं, एक सुट्टीच्या आदल्या दिवसाचं, एक दोनदा पेंडिंग झालेलं. पेंडिंग झाल्याची वेळ A स्तंभात आणि सुट्ट्यांची यादी H मध्ये ठेवून एक्सेलमध्ये हे लिहा:

```
=WORKDAY.INTL(A2,2,1,$H$2:$H$15)+MOD(A2,1)
```

मधला 2 म्हणजे दोन कामाचे दिवस, त्यापुढचा 1 म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी. दोन_देश यांनी तिथे 7 घातला की शुक्रवार-शनिवार होतं. शेवटचा तुकडा लागतो, कारण हे सूत्र फक्त तारीख देतं, वेळ टाकून देतं. आलेली वेळ आणि प्रत्यक्ष रिमाइंडर गेल्याची वेळ यांत तासाभराचा फरक चालेल, ऑटोमेशन तासाला एकदाच फिरतं. पूर्ण दिवसाचा फरक दिसला तर सुट्ट्यांची यादी किंवा टाइम झोन बघा. कोणी रात्री नऊला पेंडिंग केलेलं तिकीट मात्र यात धरू नका. सूत्र रात्री नऊचीच वेळ देईल, घड्याळ सुरू होईल दुसऱ्या सकाळी नऊला. आणि कधी शनिवारी अर्धा दिवस सुरू केलात तर "18 म्हणजे दोन दिवस" हे गणितच मोडतं, तेव्हा परत इथे या.

खडूस_कारकून

एवढं करण्यापेक्षा पहिल्या मेलमध्येच लिहा की, "बुधवारी दुपारी साडेचारपर्यंत फाइल मिळाली नाही तर तिकीट बंद होईल." ग्राहकाला ना तुमचे 18 कळतात ना 27. त्याला वार आणि वेळ कळते.

नवखी_डेस्क

हे मॅनेजरना लगेच पटलं, तारीख सध्या हातानेच टाकणार आहोत. पण शेड्यूल उघडलं आणि नवंच निघालं. सुट्ट्यांच्या यादीत गेल्या वर्षाच्याच तारखा आहेत, या वर्षाची एकही नाही. ती भरायचं काम कोणाचं, हे विचारलं तर आयटीवाले एचआरकडे बोट दाखवतात आणि एचआरवाले आयटीकडे. पुढच्या सोमवारी सुट्टी आहे. 🤦‍♀️