'स्वतंत्र घटना' हा शब्द नडतोय का?

ओळंबा
संभाव्यतेवरच्या एका लेखाचं भाषांतर तपासतोय. त्यात वाक्य आहे, "नाणेफेकीच्या घटना स्वतंत्र असतात." वाचून दाखवल्यावर दोघांनी 'स्वतंत्र'चा अर्थ 'वेगवेगळ्या' असा घेतला. एक म्हणाला, छापा आणि काटा एकदम पडत नाहीत, म्हणजे स्वतंत्रच की! 'निरपेक्ष' जास्त बरा वाटतो का?

वैदेही
तुमचा वाचक नेमका उलट्या टोकाला गेलाय. एकाच फेकीत छापा पडला की काटा नाही हे खात्रीने कळतं, म्हणजे त्या दोन घटना एकमेकींना पक्क्या बांधलेल्या आहेत. स्वतंत्र कशा? आधीच्या फेकीचा छापा आणि पुढच्या फेकीचा छापा, या मात्र स्वतंत्र. मी एवढंच विचारते : पहिला निकाल कळल्यावर दुसऱ्यावर लावायची पैज बदलावीशी वाटायला काही कारण आहे का? नसेल तर स्वतंत्र.

तिरपागडे
पण कारण असतंच ना. पाच छापे सलग पडले, तर सहावाही छापाच पडायची शक्यता 64 मध्ये 1. शिवाय शेवटी निम्मे-निम्मे व्हायचं तर काट्यांना कधीतरी भरपाई करावीच लागणार.

वैदेही
64 मध्ये 1 हे पहिली फेक करण्याआधी. पाच छापे पडून गेल्यावर ते 32 मध्ये 1 वालं संकट मागे पडलं, आता उरली एक फेक. 'पाच छापे आणि मग काटा' हा क्रमही सुरुवातीला 64 मध्ये 1 च होता, ते कुणी मोजत नाही.

भरपाईचं म्हणाल तर आकडेच बघा. समजा पहिल्या दहा फेकी छापाच पडल्या. पुढच्या 990 मध्ये नाण्याने कसलीही भरपाई केली नाही, सरासरीने 495 छापे आणि 495 काटे दिले. एकूण छापे 505, म्हणजे 50.5 टक्के. दहा हजार फेकींपर्यंत याच हिशेबाने 5005, म्हणजे 50.05 टक्के. टक्केवारी निम्म्याकडे सरकली, पण छाप्यांची दहाची आघाडी तिथेच आहे. ती फिटली नाही, गर्दीत दिसेनाशी झाली.

तिरपागडे
हं. मग पत्त्यांत? 52 पानांतून पाच काळी निघाली आणि परत ठेवली नाहीत, तर पुढचं लाल यायची शक्यता वाढतेच.

वैदेही
वाढते. उरलेल्या 47 पैकी 26 लाल, साधारण 55 टक्के. आधी काय निघालं ते उरलेल्या पानांना जणू लक्षात असतं. नाण्याकडे तशी शिल्लक नसते. हे बरोबर पकडलंत.

माधुरी
माझ्या चार मुलाखती फसल्या. घरचे म्हणतात पाचवी लागणारच, सरासरीने. म्हणजे तेही चुकीचंच?

ओळंबा
तुमच्या मुलाखती मुळात स्वतंत्रच नसाव्यात. उमेदवार तीच, आणि चौथीत झालेली चूक पाचवीत टाळता येते. शक्यता वाढेल किंवा कमी होईल, पण 'सरासरीने' नाही. ही थोडी वेगळीच चर्चा आहे म्हणा.

मला दुसरंच खुपतंय. आपण म्हणतो, "आता काट्याची पाळी." चूक त्या 'पाळी'तच बसलीय. पाळी म्हणजे ठरलेला क्रम, कुणीतरी नोंद ठेवतंय असं गृहीत.

सदाफुली
'पाळी' पकडलीत ते छान. पण नुसता भाषेचा दोष देऊ नका, उलटी चूकही महाग पडते. 1999 साली इंग्लंडात सॅली क्लार्क या आईवर दोन बाळांच्या खुनाचा खटला चालला. तज्ज्ञ साक्षीदाराने अशा कुटुंबात एका बाळाच्या अचानक मृत्यूची शक्यता 8543 मध्ये 1 धरली आणि तिचा वर्ग करून साधारण 7 कोटी 30 लाखांत 1 असा आकडा सांगितला. गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोन मृत्यू स्वतंत्र असतात. एकाच घरातल्या भावांचा वंश आणि परिसर सारखा असताना ते कुणी तपासलं? 2003 साली तिची शिक्षा रद्द झाली, मुख्यतः दडलेल्या वैद्यकीय अहवालामुळे, पण अपील न्यायालयाने आकड्यावरही ठपका ठेवला.

ओळंबा
म्हणजे 'स्वतंत्र' हे मानून चालायचं नाही, सिद्ध करायचं. मग 'निरपेक्ष' तर अजूनच फसवा वाटतो, कारण तो 'काहीच अपेक्षा नसलेला' असाही वाचला जातो.

वैदेही
मी 'स्वतंत्र'च ठेवीन आणि पहिल्यांदा आला की लगेच नाण्याचं वाक्य जोडीन. 'आता काट्याची पाळी' या चुकीचं 'जुगाऱ्याचा तर्कदोष' हे नाव मात्र मला पटत नाही. फ्रेंच गणिती लाप्लासने 1814 च्या निबंधात अशा पुरुषांचं वर्णन केलंय, जे मुलगा व्हावा म्हणून आतुर होते आणि आपलं मूल जन्मायच्या महिन्यात इतरांना मुलगे झाले की खट्टू व्हायचे, आता मुलीचीच पाळी असं समजून. त्यात जुगारी कुठे होता?

तिरपागडे
'भरपाईचा भ्रम' म्हणा की.

ओळंबा
संपादकांना पाठवतो. ते बहुधा 'जुगाऱ्याचा'च ठेवतील.