शब्दचर्चा: 'पेज स्प्लिट'ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी: ज्युनिअर मुलांसाठी मराठीत नोट्स काढतेय. मायएसक्यूएलमध्ये प्रायमरी की रँडम यूयूआयडी ठेवली की पेज स्प्लिट वाढतात असं लिहायचंय, पण 'पानाचे तुकडे' लिहिलं तर डेटा तुटला असं वाटतं. काय लिहू?

सुहास_पुणे: यूयूआयडी दोनदा तोच येईल ही भीती सोडा हो, तसं होत नाही.

मृण्मयी: ते नाही विचारलं दादा, शब्द हवाय.

देशपांडे काका: 'पान दुभंगणं' लिही. इनोडीबीत टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने १६ केबीच्या पानांत मांडलेलं असतं. आकडा वाढत गेला की नवी रो कायम शेवटच्या पानावर जाते, ते जवळजवळ भरलं की पुढचं कोरं पान घेतात, मागचं काही हलत नाही. रँडम की मात्र मधल्याच कुठल्यातरी भरलेल्या पानावर जाऊन बसते, मग जागा करायला त्यातल्या साधारण निम्म्या रो दुसऱ्या पानावर न्याव्या लागतात आणि दोन्ही पानं अर्धवट रिकामी राहतात. म्हणून रो तेवढ्याच असून फाईल फुगते. आणि टेबल बफर पूलमध्ये मावेनासं झालं की ते मधलं पान आधी डिस्कवरून आणावं लागतं, इन्सर्ट खरे मंदावतात ते तिथून.

तेजस: पोस्टग्रेस वापरा, तिथे हा प्रकारच नाही.

देशपांडे काका: अर्धं बरोबर. तिथे टेबल कीच्या क्रमाने नसतं म्हणून रो हलत नाहीत, पण प्रायमरी कीचा इंडेक्स बी-ट्रीच आहे, त्याची पानं तशीच दुभंगतात.

मृण्मयी, नोट्समध्ये साइजचा हिशोब पण घाल. इनोडीबीत प्रत्येक सेकंडरी इंडेक्समध्ये प्रायमरी कीची कॉपी असते. १ कोटी रो आणि ४ इंडेक्स धर: `BIGINT` ८ बाइटची, म्हणजे नुसत्या कॉप्या ३२ कोटी बाइट. `BINARY(16)` घेतलं तर ६४ कोटी. आणि लोक सर्रास `CHAR(36)` ठेवतात, तिथे १४४ कोटी, आणि यात अर्धवट पानांची रिकामी जागा धरलेलीच नाही. मुलांना टेबलाचं नाव बदलून हे दोनदा चालवून दोन टेबलांचे `Data_length` आणि `Index_length` बघू देत:

```sql
SHOW TABLE STATUS LIKE 'orders';
```

रुपाली_कोल्हापूर: आमच्या चार दुकानांत नेट नसताना पण बिल बनतं आणि रात्री सगळं एकत्र होतं, आकडे ठेवले तर चारही ठिकाणी बिल नंबर १०१ निघणार, मग यूयूआयडी शिवाय करायचं काय?

देशपांडे काका: मग व्हर्जन ७ घ्या, २०२४ च्या आरएफसी ९५६२ मध्ये आलंय. सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, त्यामुळे नव्या की जवळपास क्रमानेच येतात. १६ बाइट मात्र सुटत नाहीत, आणि रात्री मागून आलेली बिलं थोडी मागच्या पानांवर जातील, ते चालतं. `BINARY(16)` मध्येच ठेवा.

तेजस: पण मग आयडी बघून कुणालाही कळणार की रेकॉर्ड कधी बनलं. आम्हाला क्लायंटने याच कारणासाठी नको सांगितलं.

देशपांडे काका: हो, तिथे आत आकडा आणि बाहेर दाखवायला वेगळा रँडम कॉलम. त्याचा युनिक इंडेक्स दुभंगेलच, पण टेबलाच्या रो जागच्या जागी राहतात.

मृण्मयी: 'दुभंगणं' घेते. पण क्रियापद झालं, नाम काय करू? 'पानदुभंग'?

रुपाली_कोल्हापूर: 'पानफूट' सोपं वाटतंय मला.